टीव्हीपी आणि वनस्पतीजन्य मांस-पर्याय: फूड टेक्नॉलॉजीच्या परीक्षेत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बी.टेक.च्या मुलांचे पेपर तपासताना आणि गेटची तयारी करणाऱ्यांच्या शंका सोडवताना तेच ते प्रश्न पुढे येतात. चुकाही त्याच. बहुतेक चुकांचं मूळ एकाच ठिकाणी सापडतं: मुलं प्रथिनाचा विचार करतात आणि पाण्याला विसरतात. म्हणून खालच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात पाणी डोकावेल, त्याला इलाज नाही.

टीव्हीपी, सोयाबीन वडी आणि मांस-पर्याय हे एकच आहे का?

नाही. टीव्हीपी म्हणजे टेक्स्चराइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन, आपल्या किराणा दुकानात मिळणारी सोयाबीन वडी. हे नाव मुळात आर्चर डॅनियल्स मिडलँड या अमेरिकन कंपनीचं. विल्यम ॲटकिन्सन यांना एक्स्ट्रूडर, म्हणजे स्क्रूने पीठ दाबून तोंडाशी असलेल्या डायच्या छिद्रातून बाहेर काढणारं यंत्र, वापरून असा पदार्थ बनवण्याचं पेटंट १९७० साली मिळालं. पुढे ते नाव सगळ्यांनीच उचललं.

मांस-पर्याय हा मोठा गट आहे. टीव्हीपी त्यातला कच्चा माल असू शकतो, पण बर्गरची पॅटी म्हटली की तिच्यात टीव्हीपीशिवाय तेल, बाइंडर, रंग आणि चवीचे घटक येतात. ‘फरक स्पष्ट करा’ असा प्रश्न असेल तर एक सांगाडा आहे आणि दुसरं तयार अन्न, एवढं स्वच्छ लिहिलं तरी अर्धे गुण पदरात पडतात.

एक्स्ट्रूडरच्या आधी काय होतं?

स्पिनिंग. रॉबर्ट बॉयर यांचं पेटंट १९५४चं. सोया आयसोलेट, म्हणजे जवळजवळ शुद्ध सोया प्रथिन, अल्कलीत विरघळवून घट्ट द्रावण करायचं, ते बारीक छिद्रांतून आम्ल आणि मिठाच्या द्रावणात सोडायचं. सोया प्रथिनाचा समविद्युत बिंदू सुमारे ४.५ पीएचला आहे, त्यामुळे तिथे तो धागा गोठतो. कापडगिरणीतल्या कृत्रिम धाग्यासारखंच. धागे सुंदर निघतात, पण आयसोलेट महाग, सांडपाणी भरपूर आणि जास्त अल्कलीत लायसिनोअलानिन तयार होण्याचा धोका. एक्स्ट्रूडरला साधं तेल काढलेलं पीठ चालतं, म्हणून तो जिंकला.

एक्स्ट्रूडरच्या बॅरलमध्ये नेमकं काय घडतं? पाच गुणांना काय लिहायचं?

‘उष्णता आणि दाबामुळे प्रथिनाचे तंतू बनतात’ हे वाक्य मी शेकडो उत्तरपत्रिकांत वाचलंय. ते चूक नाही, पण त्यातून तंतू का बनतात ते कळत नाही. घटनाक्रम असा लिहा.

सोयाच्या पिठात पाणी मिसळलं की प्रथिनाला हालचाल करायला जागा मिळते. कोरडं प्रथिन तापवलं तर ते जळेल, वितळणार नाही. पाणी इथे प्लॅस्टिसायझरचं काम करतं. स्क्रू पीठ पुढे ढकलतो, घर्षणाने आणि बॅरलच्या बाहेरच्या तापवण्याने तापमान चढत जातं, शेवटच्या भागात साधारण १४० ते १७० अंश सेल्सिअसपर्यंत. गोळीसारखं गुंडाळलेलं प्रथिन उलगडतं, म्हणजे त्याचं विकृतीकरण होतं. आता ते मऊ, चिकट, वाहणारं द्रव्य झालेलं असतं. स्क्रू आणि डायमधल्या प्रवाहामुळे उलगडलेल्या साखळ्या प्रवाहाच्या दिशेला लागतात आणि थंड होताना एकमेकींना पकडून तशाच थिजतात.

तापमान शंभराच्या वर असूनही बॅरलमध्ये पाणी उकळत नाही, कारण आत दाब असतो. हे वाक्य उत्तरात असलंच पाहिजे. पुढचा सगळा फरक त्यावर उभा आहे.

कमी ओलाव्याचं आणि जास्त ओलाव्याचं एक्स्ट्रूजन यांत फरक काय?

मुलं इथे दहा मुद्द्यांचा तक्ता करतात. खरं तर एकच मुद्दा आहे, बाकीचे त्यातून निघतात: दाब सुटतो त्या क्षणी द्रव्य शंभर अंशांच्या वर आहे की खाली?

कमी ओलाव्याच्या पद्धतीत बॅरलमध्ये साधारण २० ते ३५ टक्के पाणी असतं. डाय आखूड असते. गरम द्रव्य बाहेर येताच दाब सुटतो, आतलं पाणी झटक्यात वाफ होतं आणि पदार्थ फुगतो. आपल्या वडीतली स्पंजासारखी छिद्रं ही त्या वाफेने सोडलेली घरं. ती वडी वाळवून महिनोन्‌महिने कपाटात ठेवता येते आणि खाताना भिजवावी लागते.

जास्त ओलाव्याच्या पद्धतीत पाणी ४० टक्क्यांच्या वर, बहुधा ५० ते ७० टक्के. एवढं पातळ द्रव्य पुढे ढकलायला दोन स्क्रूंचा एक्स्ट्रूडर लागतो, आणि पुढे लांब कूलिंग डाय जोडलेली असते. तिच्या भिंतींतून थंड पाणी फिरतं. द्रव्य बाहेर पडेपर्यंत शंभराच्या खाली आलेलं असतं, म्हणून वाफ होत नाही आणि पदार्थ फुगत नाही. डायमध्ये भिंतीलगतचा थर आधी थंड होऊन संथ पडतो, मधला थर गरम असल्याने पुढे पळतो. या ओढाताणीत थर एकमेकांवर घसरतात आणि कोंबडीच्या छातीच्या मांसासारखे पदर पडतात. ही वस्तू भिजवावी लागत नाही, पण पाणी भरपूर असल्याने ती शीतगृहात किंवा फ्रीझरमध्येच राहते.

बिघाड विचारला तर याच तर्काने जा. कूलिंग डाय पुरेशी थंड नसेल तर तोंडाशी पदार्थ फुगून फाटतो. फार थंड असेल तर द्रव्य आतच घट्ट होतं, दाब वाढत जातो आणि डाय तुंबते.

गणितात बॅरलमध्ये किती पाणी सोडायचं ते विचारतात. माझं उत्तर नेहमी कमी येतं. का?

कारण तुम्ही टक्क्यांतून टक्के वजा करता. एक उदाहरण पूर्ण सोडवू.

तेल काढलेलं सोयापीठ तासाला १०० किलो जातंय, त्यात ८ टक्के ओलावा आहे. बॅरलमध्ये २५ टक्के ओलावा हवा. किती पाणी सोडायचं?

घाईतलं उत्तर: २५ वजा ८, म्हणजे १७ किलो. चूक. पाणी घातलं की एकूण वजनही वाढतं, म्हणजे ते २५ टक्के आता शंभराचे राहिलेले नाहीत.

न बदलणारी गोष्ट धरा. ती म्हणजे कोरडा भाग. १०० किलो पिठात तो ९२ किलो. बॅरलमध्ये २५ टक्के पाणी म्हणजे कोरडा भाग ७५ टक्के. मग एकूण वजन ९२ भागिले ०.७५, म्हणजे १२२.६७ किलो. यातून मूळचे १०० वजा केले की सोडायचं पाणी २२.६७ किलो प्रति तास.

आता त्याच पिठाला ६० टक्के ओलावा द्या. कोरडा भाग ४० टक्के, एकूण वजन ९२ भागिले ०.४, म्हणजे २३० किलो. सोडायचं पाणी १३० किलो. टक्के वजा करणाऱ्याचं उत्तर इथे ५२ येईल. पिठापेक्षा जास्त वजनाचं पाणी जातंय हे बघितलं की जास्त ओलाव्याच्या पद्धतीला वेगळं यंत्र का लागतं ते आपोआप पटतं.

गेटमध्ये अशा संख्यात्मक प्रश्नाला ऋण गुण नसतात, तेव्हा कोरडा भाग लिहून सुरुवात करायला घाबरू नका.

डायमधून बाहेर पडताना वाफ होते, मग वडी आपोआप वाळत नाही का? ड्रायर कशाला?

फार चांगला प्रश्न, आणि हा तोंडी परीक्षेत हमखास येतो. वरचंच उदाहरण पुढे नेऊ. १२२.६७ किलो द्रव्य १५० अंशांना बाहेर आलं आणि क्षणात १०० अंशांवर उतरलं. विशिष्ट उष्णता प्रश्नात दिलेली असते, आपण २.५ किलोज्यूल प्रति किलो प्रति अंश धरू. पाण्याची बाष्पीभवनाची सुप्त उष्णता २२५७ किलोज्यूल प्रति किलो.

मोकळी झालेली उष्णता: १२२.६७ गुणिले २.५ गुणिले ५०, म्हणजे सुमारे १५,३३४ किलोज्यूल. तिला २२५७ ने भागलं की उडालेलं पाणी ६.८ किलो.

आत एकूण पाणी होतं ३०.६७ किलो. उरलं सुमारे २३.९ किलो, आणि वडीचं वजन आता ११५.९ किलो. म्हणजे ओलावा अजून साधारण २०.६ टक्के आहे. अशी वडी पोत्यात भरली तर बुरशी येणारच. बाहेर पडणाऱ्या वाफेने वडी फुगते, वाळत नाही. वाळवण्याचं काम पुढच्या ड्रायरचं, तो ओलावा पुन्हा आठ-दहा टक्क्यांच्या आसपास आणतो.

तंतू कोणत्या बंधांमुळे टिकतात? नवीन पेप्टाइड बंध तयार होतात ना?

पेप्टाइड बंध लिहू नका. तंतूंची रचना मुख्यतः डायसल्फाइड बंध, जलविरोधी आकर्षण आणि हायड्रोजन बंध यांच्यावर टिकते.

हे कसं कळतं, असा उपप्रश्न येतो. वडी दळून वेगवेगळ्या द्रावणांत टाकतात आणि किती प्रथिन विरघळलं ते मोजतात. नुसत्या फॉस्फेट बफरमध्ये फारसं काही सुटत नाही. युरिया घातला की हायड्रोजन बंध आणि जलविरोधी आकर्षण ढिलं पडतं, तेव्हा थोडं जास्त सुटतं. त्यात आणखी मर्कॅप्टोइथेनॉल किंवा डीटीटी घातलं की डायसल्फाइड बंध तुटतात आणि प्रथिनाचा मोठा भाग द्रावणात येतो. पेप्टाइड बंधांनीच सगळं जोडलेलं असतं तर या दोघांनी काहीच सुटलं नसतं. उत्तराचा शेवट या एका वाक्याने करा.

लातूरच्या बाजारात डीओसी, म्हणजे तेल काढलेली सोयाबीन पेंड, एवढी स्वस्त मिळते. तिच्यापासून वडी का करत नाहीत?

हा प्रश्न मला एका विद्यार्थ्याने विचारला होता. त्याच्या घरी सोयाबीन पिकतं, त्यामुळे पेंडेचा भाव त्याला पाठ होता. तेव्हापासून मी तो दरवर्षी पेपरात या ना त्या रूपात घालतो.

हेक्झेनने तेल काढल्यावर जो चुरा उरतो त्यातलं हेक्झेन उडवण्याच्या दोन वाटा आहेत. कोंबडीखाद्यासाठीची डीओसी वाफेवर चांगली भाजून काढतात, म्हणजे प्रथिनाच्या पचनात अडथळा आणणारा ट्रिप्सिन इनहिबिटर मरतो. पण त्या भाजण्यात प्रथिन आधीच उलगडून एकमेकांत गुंतून बसतं. पीडीआय, म्हणजे पाण्यात पसरू शकणाऱ्या प्रथिनाचं प्रमाण, १० ते २० पर्यंत खाली येतं. अशी पेंड एक्स्ट्रूडरमध्ये घातली तर ती वितळत नाही, भुकटीसारखी फिरते आणि बाहेर येते ती भुसभुशीत, भिजवली की चिखल होणारी वस्तू. उकडलेल्या अंड्याचं ऑम्लेट होत नाही, तसंच हे.

वडीसाठी हेक्झेन झटपट आणि कमी उष्णतेत उडवतात. त्या पांढऱ्या चुऱ्याचा पीडीआय चांगला राहतो, वडीच्या पिठाला साधारण ५० ते ७० चालतो. म्हणजे विकृतीकरण व्हायला हवं, पण बॅरलमध्ये, त्याआधी नाही.

लगेच पुढचा प्रश्न येतो: कमी भाजलं तर ट्रिप्सिन इनहिबिटर राहिला नाही का? राहिला. त्याचा बराचसा बंदोबस्त एक्स्ट्रूडरमधली ओली उष्णता करते. कारखान्यात त्याची झटपट चाचणी युरिएज क्रियाशीलतेवरून घेतात, कारण युरिएज आणि ट्रिप्सिन इनहिबिटर साधारण सारख्याच उष्णतेत निकामी होतात. नमुना युरियाच्या द्रावणात ठेवून पीएच किती चढला ते बघतात. वाढ ०.०५ ते ०.२० मध्ये असेल तर ठीक. त्याहून जास्त म्हणजे कच्चं, आणि वाढ जवळजवळ शून्य असेल तर माल जास्त भाजला गेल्याची शंका घ्यायची.

वडीत ५२ टक्के प्रथिन, म्हणजे चिकनच्या दुप्पट. हे खरं का?

पाकिटावरचा आकडा खरा आहे, तुलना खोटी आहे. तो आकडा कोरड्या वडीचा. घरी करून बघा: ५० ग्रॅम वडी गरम पाण्यात भिजवा, दोन्ही तळव्यांत धरून पिळा, मग वजन करा. दुप्पट पाणी धरून राहिली तर वजन १५० ग्रॅम भरेल. प्रथिन तेवढंच आहे, २६ ग्रॅम, पण आता ते १५० ग्रॅममध्ये पसरलंय. म्हणजे १७.३ टक्के. कच्च्या चिकनच्या छातीत साधारण २२ ते २३ टक्के असतं. ताटात पडते ती भिजलेली वडी, तेव्हा तुलना त्या वजनाशी करायची.

जलधारण क्षमतेचं गणितही इथेच बसतं. ओल्या वजनातून कोरडं वजन वजा करा आणि कोरड्या वजनाने भागा. ५ ग्रॅम नमुना निथळल्यावर १७ ग्रॅम भरला, तर १२ भागिले ५, म्हणजे २.४ ग्रॅम पाणी प्रति ग्रॅम. १७ भागिले ५ करून ३.४ लिहिणारे दरवर्षी भेटतात. तो आकडा पुनर्जलीकरणाच्या गुणोत्तराचा आहे, जलधारण क्षमतेचा नाही.

जेल्डाल पद्धतीत नायट्रोजनला ६.२५ ने गुणायचं की ५.७१ ने?

प्रश्नात दिलेल्या अंकाने. दिला नसेल तर ६.२५, कारण सोया प्रथिन उत्पादनांच्या कोडेक्स मानकात तोच धरलाय. सोयाच्या अमिनो आम्लांवरून काढलेला गुणक ५.७१ आहे, म्हणून तो संशोधनात भेटतो. फरक छोटा नाही: नायट्रोजन ८.८ टक्के असेल तर एका गुणकाने ५५ टक्के प्रथिन, दुसऱ्याने ५०.२.

पीठ, कॉन्सन्ट्रेट आणि आयसोलेट यांच्या सीमाही याच मानकात आहेत: ५० ते ६५, ६५ ते ९० आणि ९० टक्क्यांच्या वर. या सीमा कोरड्या वजनावर मोजतात. वरच्या नमुन्यात ८ टक्के ओलावा असेल तर ५५ ला ०.९२ ने भागायचं, ५९.८ येतं. पाणी इथेही आलंच.

पॅटीत मिथाइल सेल्युलोज का घालतात? स्टार्च चालणार नाही का?

भिजवलेली वडी आणि तेल तव्यावर एकत्र राहायला बाइंडर लागतो. स्टार्चचा जेल थंड होताना घट्ट होतो. मिथाइल सेल्युलोजचं उलट आहे: थंड पाण्यात ते विरघळतं आणि तापलं की जेल होतं, साधारण ५० ते ६० अंशांच्या आसपास. म्हणजे तवा गरम असताना, नेमकी पॅटी फुटायची भीती असते तेव्हा ते पकड घेतं. थंड झाल्यावर ती पकड सैल होते, म्हणून गार झालेली पॅटी मऊ लागते. ‘उलटा जेल’ असा शब्द परीक्षेत दिसला की हेच.

लेगहिमोग्लोबिन वनस्पतीचं की यीस्टचं?

जनुक सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींमधल्या प्रथिनाचं, उत्पादन यीस्टमध्ये. इम्पॉसिबल फूड्स ते पिचिया यीस्टच्या किण्वनातून बनवते. त्यातल्या हीममुळे कच्ची पॅटी लाल दिसते आणि शिजताना मांसासारखा वास येतो. अमेरिकेच्या एफडीएने त्याच्या सुरक्षिततेवर प्रश्न नसल्याचं २०१८ मध्ये कळवलं आणि रंग म्हणून मान्यता २०१९ मध्ये दिली. बियाँड मीटच्या बर्गरमध्ये रंग बिटाचा. जोड्या लावा, हा प्रश्न इथूनच येतो.

क्वॉर्न वनस्पतीजन्य धरायचं का?

नाही. ते मायकोप्रोटीन, म्हणजे फ्युजॅरियम व्हेनेनॅटम या बुरशीचं. त्याचे तंतू बुरशीच्या धाग्यांचेच असतात, एक्स्ट्रूजनमधून येत नाहीत. आरएनए कमी करण्याची पायरी लिहायला विसरू नका, नाहीतर खाणाऱ्याच्या शरीरात युरिक आम्ल वाढेल. पेशींपासून वाढवलेलं मांसही या धड्यात बसत नाही, ते प्राणीजन्यच.

टीव्हीपी ‘नॉव्हेल फूड’ आहे का?

अभ्यासक्रमात हो, कायद्यात बहुधा नाही. युरोपीय संघाच्या नियमानुसार १५ मे १९९७ पूर्वी तिथे लक्षणीय प्रमाणात न खाल्लेला पदार्थच नॉव्हेल फूड ठरतो. सोया त्याआधीपासून खाल्लं जात होतं. उलट मुगाच्या प्रथिनाला तिथे २०२२ मध्ये स्वतंत्र परवानगी घ्यावी लागली. आपल्याकडे मूग रोजच्या वरणात, आणि तिकडे तो नवा पदार्थ! भारतात एफएसएसएआयचे २०१७चे नियम नॉव्हेल फूडला पूर्वपरवानगी मागतात, आणि व्हीगन पदार्थांसाठी २०२२चे वेगळे नियम आहेत. नियमाचं वर्ष पक्कं आठवत नसेल तर वर्ष गाळा, निकष लिहा.

प्रात्यक्षिकात वडी चांगली की वाईट, उपकरणाशिवाय कसं सांगायचं?

वडी दहा-पंधरा मिनिटं गरम पाण्यात ठेवा, पिळा आणि दोन बोटांनी हळू फाडा. चांगली वडी एका दिशेने सोलल्यासारखी फाटते आणि कडेला बारीक धागे लोंबतात. कशीही तुटली तर साखळ्या दिशेला लागल्या नाहीत. बोटांना पिठूळ लगदा लागला तर पिठाचा पीडीआय कमी होता किंवा बॅरलमध्ये ती नीट शिजली नाही. मध्यभागी कोरडा, कडक गाभा राहिला तर ती पुरेशी फुगली नव्हती, पाण्याला आत शिरायला वाट मिळाली नाही. गडद तपकिरी रंग आणि करपट वास म्हणजे बॅरलमध्ये पाणी कमी पडलं किंवा तापमान फार चढलं.

उपकरण असेल तर वडी एकदा तंतूंच्या आडवी आणि एकदा तंतूंच्या दिशेने कापून लागलेला जोर मोजा, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर एकच्या जवळ आलं तर हातात स्पंज आहे. ते एकाच्या जितकं वर जाईल तितके तंतू खरे.